दोन गेटांमधला पूल

मालाडहून 'मेट्रो २अ'ने निघालेला प्रवासी अंधेरी पश्चिमेला उतरतो. त्याला पुढे आझादनगरला जायचं आहे. त्यासाठी वर्सोवा–घाटकोपर मार्गावरचं डी. एन. नगर स्थानक गाठायचं आणि तिथून एकच स्टेशन पुढे जायचं. दोन्ही स्थानकं पादचारी पुलाने जोडलेली आहेत, त्यामुळे रस्ता ओलांडायला नको आणि रिक्षाही शोधायला नको. नकाशावर तर दोन रेषा एकमेकींना टेकलेल्याच दिसतात.

प्रत्यक्षात मात्र तो फलाटावरून खाली येतो आणि गेटवर कार्ड टेकवून बाहेर पडतो. इथे त्याचा पहिला प्रवास संपला आणि पैसे कापले गेले. पूल ओलांडून तो पलीकडे जातो. तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी असते. बॅग पट्ट्यावर टाकायची, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढून ट्रेमध्ये ठेवायच्या, हात पसरून उभं राहायचं आणि पलीकडून सगळं गोळा करायचं. कागदी तिकीट हवं असेल तर त्याआधी खिडकीवर रांग लावायची. मग दुसरं गेट, दुसरा प्रवास. पुलाची लांबी फार नाही. सकाळच्या गर्दीत वेळ जातो तो पुलाच्या दोन टोकांना.

पुण्यात हाच प्रकार वेगळा दिसतो. पिंपरी-चिंचवडहून आलेली गाडी सिव्हिल कोर्टला जमिनीखाली थांबते आणि वनाझ–रामवाडी मार्गाची गाडी त्याच स्थानकात उंचावर येते. या दोन फलाटांमधलं उभं अंतर बरंच आहे. भूमिगत फलाटच जमिनीखाली तेहतीस मीटरच्या आसपास आहे. एकामागून एक सरकते जिने चढत जावं लागतं. पण वाटेत कुणी कार्ड मागत नाही, बॅग तपासत नाही. प्रवासी पहिल्या स्थानकावर जे तिकीट काढतो, तेच शेवटच्या स्थानकापर्यंत चालतं.

मेट्रोचे कर्मचारी गेटच्या आतल्या भागाला 'पेड एरिया' म्हणतात. ज्याने पैसे भरले आहेत, निदान कार्ड टेकवून भरायचं कबूल केलं आहे, तोच तिथे असतो. दोन मार्गांची जोडणी या भागाच्या आत झाली की गाडी बदलणं म्हणजे फलाट बदलणं, इतकंच उरतं. जोडणी बाहेर असली की यंत्रणेच्या लेखी प्रवासी घरी गेला, आणि पाच मिनिटांनी दुसरं कुणीतरी प्रवासाला आलं.

याचा खिशावर परिणाम कसा होतो, हे मुंबईकराला रिक्षाच्या मीटरवरून चटकन कळेल. रिक्षाचं पहिल्या टप्प्याचं भाडं ठरलेलं असतं. अर्ध्या वाटेत उतरून दुसऱ्या रिक्षात बसलं की मीटर पुन्हा टाकला जातो आणि पहिला टप्पा पुन्हा भरावा लागतो. मेट्रोचं भाडंही टप्प्यांचंच असतं, आणि प्रवास लांबत जाईल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. 'मेट्रो २अ' आणि 'मेट्रो ७' सुरू झाल्या तेव्हाच्या दरपत्रकात पहिल्या ३ किलोमीटरना १० रुपये, १२ किलोमीटरपर्यंत २० रुपये, १८ पर्यंत ३० रुपये असे टप्पे होते. म्हणजे सुरुवातीचे ३ किलोमीटर महाग आणि पुढचे ९ तितक्याच पैशांत. गेटबाहेर पडून पुन्हा आत जाणारा प्रवासी हा महाग भाग दोनदा विकत घेतो.

मालाडच्या प्रवाशाचा हिशेब याच दरांनी करून पाहता येतो. मालाड पश्चिम ते अंधेरी पश्चिम हे अंतर साधारण ७ किलोमीटर, म्हणून २० रुपये. पुढे डी. एन. नगर ते आझादनगर हे एकच स्टेशन, किलोमीटरभराचं. त्याचे किमान भाड्याचे १० रुपये. एकूण ३० रुपये झाले. हाच सगळा प्रवास एका गेटातून आत आणि दुसऱ्या गेटातून बाहेर असा मोजला असता तर अंतर ८ किलोमीटर भरलं असतं आणि भाडं २० रुपयांतच राहिलं असतं. दोन्ही तुकडे प्रत्येकी ५ किलोमीटरचे असते तर फरक आणखी वाढला असता. तुटक प्रवासाचे २० आणि २० मिळून ४० रुपये, सलग १० किलोमीटरचे २०. भाडं थेट दुप्पट.

पुण्याच्या दरपत्रकात उलटं चित्र दिसतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये सिव्हिल कोर्टपर्यंतचे टप्पे सुरू झाले तेव्हा पिंपरी-चिंचवड ते सिव्हिल कोर्ट भाडं २५ रुपये होतं आणि पिंपरी-चिंचवड ते रुबी हॉल ३० रुपये. मार्ग बदलून पुढची स्टेशनं गाठायला वाढीव ५ रुपये लागत होते. सिव्हिल कोर्टला गेटबाहेर पडून नवं तिकीट काढावं लागलं असतं, तर किमान भाड्याचे १० रुपये तरी गेलेच असते.

मुंबईत असं का झालं, याचं उत्तर मार्ग कोणी आणि कधी बांधले यात आहे. वर्सोवा–घाटकोपर हा शहरातला पहिला मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. तो सार्वजनिक-खासगी भागीदारीतला प्रकल्प आहे आणि तो चालवण्यासाठी स्वतंत्र कंपनी आहे. 'मेट्रो २अ' आणि '७' हे एमएमआरडीएने बांधले. ते चालवणारी संस्था दुसरी आहे, आणि अंधेरीपर्यंत ते पोहोचले जानेवारी २०२३मध्ये. आरेपासून भुयारातून जाणारी 'मेट्रो ३' ऑक्टोबर २०२४मध्ये धावू लागली. तिची संस्था तिसरी. पहिल्या मार्गाची स्थानकं बांधली गेली तेव्हा शेजारी कोणतं स्थानक, किती उंचीवर आणि कोणाच्या मालकीचं उभं राहील हे जागेवर दिसत नव्हतं. जिने, गेटांची रांग, तिकीट खिडक्या या सगळ्यांची जागा एकाच मार्गाच्या सोयीने ठरली. पुढे पूल जोडला गेला तो गेटाबाहेरच्या मजल्याला, कारण तिथेच तो जोडणं सोपं होतं.

म्हणून मुंबईत पहिला मार्ग इतर मार्गांना तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी गेट ओलांडावं लागतं. डी. एन. नगरला 'मेट्रो २अ' भेटते. पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाजवळ गुंदवलीची 'मेट्रो ७' भेटते. मरोळ नाक्याला पहिला मार्ग उंचावर आहे आणि 'मेट्रो ३' जमिनीखाली. साकीनाक्याहून विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला निघालेला माणूस पहिल्या मार्गाने एक स्टेशन येतो, मरोळ नाक्याला बाहेर पडतो, खाली उतरून पुन्हा तपासणी करून घेतो आणि भुयारी गाडीने आणखी एक स्टेशन जातो. दोन स्टेशनांसाठी दोन किमान भाडी, आणि हातात बहुधा प्रवासाची मोठी बॅग. याउलट 'मेट्रो २अ' आणि '७' या दोन मार्गांची संस्था एकच असल्यामुळे त्यांच्यात दहिसरला गेट आड येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं, सगळीकडे चालणारं कार्ड आलं की हा त्रास संपला. मार्च २०१९मध्ये आलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड हे नावाप्रमाणे सामाईक आहे. ते वेगवेगळ्या मेट्रोंत आणि बसमध्ये चालावं, हाच त्याचा उद्देश. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपमध्ये मेट्रो, मोनोरेल, लोकल आणि बस अशा ११ सेवांची तिकिटं एका ठिकाणी मिळू लागली. ही सोय खरीच मोठी आहे, खिडकीवरची रांग तिने वाचते. पण पैसे एकाच पाकिटातून देणं वेगळं आणि एकच भाडं लागणं वेगळं. कार्डामुळे पैसे द्यायचा त्रास कमी होतो. गेटवर नवा टप्पा सुरू होतो तो होतोच, कारण दरपत्रकं वेगवेगळी आहेत.

आणि ती एक करायची म्हटलं की खरा प्रश्न समोर येतो. मालाड–आझादनगरचे ३० रुपये खाली आणून २० केले, तर मधले १० रुपये कोणी सोडायचे? समजा, त्या २० रुपयांची वाटणी अंतराच्या प्रमाणात केली. ७ किलोमीटरच्या मार्गाला साडेसतरा रुपये मिळतील आणि एका किलोमीटरच्या मार्गाला अडीच. ज्या संस्थेला या प्रवाशाकडून आज १० रुपये मिळतात, तिच्या हाती अडीच रुपये पडतील. प्रवासी एक स्टेशन जावो की दहा, गेट, तपासणीचे कर्मचारी, सरकता जिना आणि स्थानकातली वीज यांचा खर्च तिला तेवढाच येतो. खासगी भागीदार असेल तर त्याच्या करारातही हा आकडा लिहिलेला असतो. शिवाय मेट्रोचं भाडं कुणी मनाला येईल तसं बदलू शकत नाही. २००२च्या मेट्रो रेल्वे कायद्यानुसार त्यासाठी भाडे निश्चिती समिती बसते आणि तिची शिफारस मेट्रो प्रशासनावर बंधनकारक असते. म्हणजे गेट हलवायला गवंडी पुरेसा आहे, पण भाडं जोडायचं तर दोन संस्था, त्यांचे करार, त्यांच्या समित्या आणि तूट भरून देणारं सरकार, सगळ्यांना एका टेबलावर यावं लागतं.

गेट आणि भाडं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे टोकियोच्या कुदानशिता स्थानकात स्पष्ट दिसलं. तिथे दोन भुयारी मार्गांचे फलाट एकमेकांना अगदी लागून आहेत. एक मार्ग टोकियो महानगर सरकारचा, दुसरा टोकियो मेट्रो कंपनीचा. दोघांच्या फलाटांमध्ये एक भिंत होती. भिंतीपलीकडे थांबलेली गाडी हाकेच्या अंतरावर, पण ती पकडायला जिना चढून वर जायचं, गेटमधून जायचं आणि पलीकडचा जिना उतरून पुन्हा खाली यायचं. लोक तिला 'मूर्खपणाची भिंत' म्हणू लागले. टोकियोचे तेव्हाचे उपराज्यपाल आणि पुढे राज्यपाल झालेले नाओकी इनोसे यांनी तो विषय लावून धरला आणि मार्च २०१३मध्ये भिंत निघाली. प्रवासी फलाटावर चार पावलं टाकून गाडी बदलू लागले.

भाडी मात्र दोनच राहिली. दोन्ही मार्गांवरून जाणाऱ्याला दोन्ही संस्थांची भाडी मिळवून भरावी लागतात आणि त्यातून ७० येनची सूट मिळते. त्याच शहरात टोकियो मेट्रोच्या स्वतःच्या मार्गांमध्ये उलटी सोय आहे. काही स्थानकांत मार्ग बदलताना गेटबाहेर पडावंच लागतं, म्हणून तिथे नारिंगी रंगाची खास गेटं बसवलेली आहेत. त्यातून तिकीट घातलं तर यंत्र ते गिळत नाही, परत देतं. ठरलेल्या वेळेत पुढच्या गेटमधून आत गेलं की प्रवास सलग धरला जातो. ही मुदत पूर्वी ३० मिनिटांची होती, २०२०मध्ये ती ६० मिनिटं झाली. कुदानशिताला गेट गेलं आणि दोन भाडी राहिली. नारिंगी गेटापाशी गेट राहिलं आणि भाडं एक झालं.

लंडनने ही दुसरी वाट मोठ्या प्रमाणावर वापरली. तिथे हॅमरस्मिथला एकाच नावाची दोन स्थानकं रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. प्रवासी एकातून कार्ड टेकवून बाहेर पडतो, रस्ता ओलांडतो, दुसऱ्यात कार्ड टेकवतो. अशा जोड्यांची यादी यंत्रणेत भरलेली आहे आणि प्रत्येक जोडीला मिनिटांची मर्यादा आहे. तेवढ्या वेळात दुसरं गेट गाठलं की दोन तुकड्यांचा एक प्रवास होतो. वाटेत कॉफी प्यायला जास्त रेंगाळलं की दोन प्रवास.

या सोयीला तिची स्वतःची खोड आहे. एखादा माणूस अशा स्थानकात उतरून जवळच काम उरकतो आणि मुदतीच्या आत परत निघतो. त्याच्या मते त्याचे दोन प्रवास झाले, जायचा आणि यायचा. यंत्रणा मात्र त्यांना जोडून एकच लांबलचक प्रवास समजते. प्रवासाच्या कमाल वेळेची मर्यादा ओलांडली गेली की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. मग तो माणूस खात्याचा तपशील उघडून बघतो तेव्हा कुठे उलगडा होतो. म्हणून मुदत फार सैल ठेवता येत नाही. फार घट्ट ठेवली तर काठी टेकत चालणाऱ्या आजींचं किंवा कडेवर मूल घेतलेल्या आईचं नुकसान होतं.

सगळं गेटच्या आत घेण्यालाही अडचण आहेच. प्रवासी आत गेला आणि बाहेर आला, एवढंच गेटांना कळतं. मधे तो कुठल्या मार्गाने गेला हे कळत नाही. मार्ग एकाच संस्थेचे असतील तर त्याने फारसं बिघडत नाही. संस्था दोन असल्या की कमाई वाटायची कशी? लंडनमध्ये गाडी बदलायच्या काही ठिकाणी फलाटाजवळ गुलाबी यंत्रं बसवली आहेत. तिथे कार्ड टेकवलं की प्रवासी शहराच्या महाग मध्यभागातून न जाता बाहेरून गेला, याची नोंद होते आणि भाडं कमी लागतं. टेकवायचं विसरला तर त्याने महाग वाट धरली असं गृहीत धरलं जाऊ शकतं.

संस्था एक असली तरी गेट जातंच असंही नाही. दिल्लीत विमानतळाकडे जाणारा एक्स्प्रेस मार्ग आधी खासगी कंपनी चालवत होती. २०१३मध्ये तो दिल्ली मेट्रोकडे आला. तरी नवी दिल्ली स्थानकावर पिवळ्या मार्गावरून त्या मार्गावर जायचं तर आजही बाहेर पडून पुन्हा आत जावं लागतं. त्याची भाडेरचना वेगळी आहे, स्थानक वेगळं बांधलेलं आहे, आणि एकदा असं काँक्रीट उभं राहिलं की संस्था बदलली तरी ते जागचं हलत नाही. राजीव चौकात मात्र पिवळा आणि निळा मार्ग आरंभापासून एकमेकांवर बेतले गेले. तिथे लाखो माणसं जिन्याने वर-खाली होऊन गाडी बदलतात आणि गेट वाटेत येत नाही.

मुंबईत अंधेरीचं आणि गुंदवलीचं बांधकाम मोडून गेटं आत घेणं फार जिकिरीचं आहे. पण लंडनच्या आणि टोकियोच्या वाटेला भिंत पाडावी लागत नाही. अंधेरी पश्चिमेच्या गेटने बाहेर पडल्याची वेळ कार्डावर लिहावी. डी. एन. नगरच्या गेटने ती नोंद वाचावी. ती ३० मिनिटांच्या आतली असेल तर शेवटी बाहेर पडताना पूर्ण भाड्याऐवजी फक्त फरक कापावा. मालाडच्या प्रवाशाचे २० रुपये आधीच गेलेले आहेत, सलग भाडंही २० रुपयेच भरतं, म्हणजे आझादनगरला शून्य. सामाईक कार्डातले पैसे कार्डावरच असतात आणि गेटला बँकेला न विचारता क्षणात निर्णय घ्यायचा असतो. त्यामुळे एका संस्थेची नोंद दुसऱ्या संस्थेच्या गेटला वाचता येणं, ही पहिली अट. तपासणी तेवढी तशीच राहील, कारण प्रवासी मधल्या पुलावर बाहेरच्या गर्दीत मिसळलेला असतो. मध्यंतरी टोकियोसारखी ठरावीक सूट देणं त्याहून सोपं. प्रत्येक जोडप्रवासाला ५ रुपये कमी केले, तर वाटणीचा वादही छोटा होतो आणि प्रवाशाच्या महिन्याच्या हिशेबात तो आकडा दिसतोही. कामाचे २५ दिवस, रोज जाऊन-येऊन दोन खेपा, म्हणजे अडीचशे रुपये.

आता हाच प्रश्न पुण्याच्या दारात आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मार्ग महामेट्रोचा नाही. तो पीएमआरडीएने सार्वजनिक-खासगी भागीदारीत हाती घेतला आणि त्याचं शेवटचं स्थानक सिव्हिल कोर्टलाच आहे. तिथे आजवर एकाच तिकिटावर गाडी बदलता येते. आयटी कंपनीतून सुटलेला मुलगा त्या तिसऱ्या मार्गाने सिव्हिल कोर्टला येईल आणि त्याला स्वारगेटला जायचं असेल, तेव्हा त्याच्या वाटेत गेटांची रांग कुठे लागते आणि तिथे कार्ड टेकवल्यावर पडद्यावर किती रुपये दिसतात, याची उत्तरं संस्थांमधल्या करारात आधीच ठरलेली असतील. दरपत्रक जाहीर होईल तेव्हा त्यात हिंजवडी ते स्वारगेट अशी एक ओळ आहे की हिंजवडी ते सिव्हिल कोर्ट आणि सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट अशा दोन, हे पुणेकरांनी आधी पाहावं.